साइटवरचं स्वागताचं भाषण: स्वप्न रंगवायचं की हिशेब सांगायचा?

नव्या गृहप्रकल्पाचा ओपन डे ठरला की स्वागताच्या भाषणाचे दोन कच्चे मसुदे हमखास टेबलावर येतात. एक मार्केटिंगवाल्यांचा असतो: हिरवाई, क्लबहाऊस, ‘तुमच्या हक्काचं घर’. दुसरा असतो साइट ऑफिसमध्ये रोज ग्राहकांसमोर बसणाऱ्या माणसाचा: आज काय बघाल, काय विचारा, पैसे कसे लागतील. समोर आयुष्यात पहिल्यांदा घर घेणारी माणसं असतील तर मी दुसरा निवडतो. मात्र पहिल्यातलंही थोडं ठेवावं लागतं.

आधी वेळेचं बघू. लोक उभे असतात, कडेवर मूल असतं, नजर सॅम्पल फ्लॅटच्या दाराकडे असते. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत पाचशे-सहाशे. स्वप्नाच्या भाषणाचे एवढे शब्द सुविधांची यादी वाचण्यातच संपतात, आणि ती यादी ब्रोशरमध्ये असतेच. हिशेबाचं भाषण तेवढ्याच वेळात दोन-तीन गोष्टी नीट समजावतं.

त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे घराची खरी किंमत. पहिलटकर ग्राहक बोर्डावरचा आकडा धरून चालतो. समजा फ्लॅटची किंमत १०० आहे. त्याने २० साठवलेत, बँक ८० देईल, म्हणजे जमलं असं त्याला वाटतं. पण कर, नोंदणी, पार्किंग, देखभालीची ठेव हे सगळं मिळून आणखी १२ झाले तर? या वरखर्चाला बँक सहसा कर्ज देत नाही, तो पदरचाच घालावा लागतो. म्हणजे हाताशी २० नव्हे, ३२ हवेत. स्वप्नाच्या भाषणात हे येत नाही. ते कळतं टोकन दिल्यावर, कॉस्ट शीट हातात पडल्यावर. मग बुकिंग रद्द, टोकन परत मिळण्यावरून वाद, आणि नातेवाइकांत प्रकल्पाची बदनामी. हिशेबाच्या भाषणात एवढंच म्हणायचं: “बोर्डावरचा आकडा फ्लॅटचा आहे. घरात राहायला येईपर्यंतचा पूर्ण आकडा डावीकडच्या टेबलावर छापील मिळेल. तो घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.” सेल्सची मंडळी या वाक्यावर नाक मुरडतात. पण त्या दिवशी गळणारा ग्राहक पुढे तसाही गळणारच असतो, फक्त तेव्हा भांडून.

दुसरी जागा सॅम्पल फ्लॅटची. स्वप्नाचं भाषण लोकांना थेट आत सोडतं. तिथे बऱ्याचदा खोल्यांना दारंच नसतात, पलंग नेहमीच्यापेक्षा आखूड असतो, एका भिंतीला आरसा असतो. खोली ऐसपैस वाटते. हिशेबाचं भाषण आधीच सांगतं: “सजावट आणि फर्निचर किमतीत नाही. किमतीत काय आहे त्याची यादी दारावर लावली आहे. मोजपट्टी आत ठेवली आहे, खुशाल मोजा.” मी स्वतः एकदा हे वाक्य भाषणात घातलं आणि मोजपट्टी ठेवायला विसरलो. पहिल्याच कुटुंबातल्या आजींनी ती मागितली, आणि सगळ्यांसमोर माझी पंचाईत झाली. भाषणात जे म्हणाल ते जागेवर हवंच.

ताब्याच्या तारखेत तर दोन्ही मसुद्यांतला फरक उघडाच पडतो. पहिल्यात असतं ‘लवकरच’. दुसऱ्यात करारात लिहिलेलीच तारीख येते, एक महिनाही अलीकडची नाही. समोर निदान दहा मोबाइल रेकॉर्डिंग करत असतात. शिवाय भाड्याच्या घरात राहून कर्ज घेणाऱ्याला बांधकाम चालू असताना भाडं आणि व्याज दोन्ही भरावं लागतं, त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक महिना खर्चाचा असतो.

आता हिशेबाच्या भाषणाची मर्यादा. ते कोरडं होऊ शकतं. आकडे दोन-तीनच असावेत, बाकीचे कागदावर. कॉस्ट शीट छापून तयार नसेल तर हे भाषण करूच नये, कारण लोक लगेच टेबलाशी जातात आणि तिथे काही नसलं की शंका दुप्पट होते. आणि साइटवर अजून मोकळी जमीनच असेल, दाखवायला खड्ड्याशिवाय काही नसेल, तर स्वप्नाच्या भाषणातली दोन मिनिटं उसनी घ्यावीत: इमारत कुठे उभी राहील, सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येईल, हे हाताने दाखवत सांगावं. ज्यांनी याआधी दोन-तीन घरं घेतली आहेत अशा गुंतवणूकदारांपुढे पहिला मसुदाही चालून जातो. वरखर्च त्यांना पाठ असतो.

शेवटचं वाक्य मात्र कुठलाही मसुदा घेतलात तरी बदलू नका: “आज कोणालाही काही सही करायची नाही.” अट एकच, सेल्सच्या टेबलावर त्या दिवशी खरोखरच बुकिंगचे फॉर्म नसावेत.