बॉलखालची प्लेट: नायट्रायडिंगवाली की आतपर्यंत हार्ड केलेली ईएन३१?

हिंगणा एमआयडीसीत टर्नटेबल नाहीतर फिक्स्चर बनवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की बॉल सपाट प्लेटवर फिरणार आहे तर ईएन२४ स्टील घेऊन नायट्रायडिंग करावं, म्हणजे नायट्रोजनने फक्त वरचा थर कडक करावा, का ईएन३१ आतपर्यंत हार्ड करून ग्राइंड करावी. मी दोन्ही वापरल्या आहेत.

नायट्रायडिंगमध्ये क्वेंच नसतो, त्यामुळे प्लेट जवळपास सरळच परत येते, हे सुख मोठं आहे. ईएन३१ची पातळ प्लेट तेलातून वाकूनच निघते, मग ग्राइंडिंगला जास्त माल ठेवा, बारीक कट घ्या, नाहीतर बर्न होते.

तरी मला खटकलं ते वेगळंच. नायट्रायडिंगवाली प्लेट वरून चकचकीत असते, टेस्टरवर हार्डनेस बरोबर येतो, आणि मग ट्रॅकमधून अचानक खपल्या सुटतात, कडा धारदार आणि तळ पाव मिलिमीटरच्या आसपास खोल. आधी काही दिसतच नाही.

कारण हिशेबात आहे. २५ मिमीचा स्टीलचा बॉल, एका बॉलवर २००० न्यूटन लोड धरा. हर्ट्झच्या सूत्राने बॉल टेकतो त्या डागाची त्रिज्या साधारण ०.५५ मिमी येते आणि मधला दाब ३२०० एमपीएच्या जवळ. पण अगदी पृष्ठभागावर मधोमध हा दाब तेवढा घातक नाही, कारण दबलेल्या मालाला बाजूला पसरायचं असतं आणि आजूबाजूचा माल पसरू देत नाही, म्हणजे सगळीकडूनच दाब, आणि शिअर होतो तो या दाबांमधल्या फरकामुळे. थोडं खाली गेलं की बाजूचा दाब भराभर कमी होतो, वरचा हळू, म्हणून फरक वाढतो. शिअर सगळ्यात जास्त ०.२६ मिमीवर, जवळपास १००० एमपीए, आणि ०.५५ मिमीवरही साडेसातशे उरतो. ०.३ मिमीची नायट्राइड केस, म्हणजे वरचा कडक थर, तिथवर संपलेली असते, खाली ३० एचआरसीचा कोअर, तो चारशे-साडेचारशेच्या पुढे शिअरमध्ये यील्ड होतो. म्हणजे दुधावरच्या सायीवर वजन ठेवल्यासारखं. ईएन३१ मात्र ६० एचआरसी वर असते तशीच खालीही असते.

शंका असेल तर खपलीजवळून तुकडा कापून पॉलिश करा आणि पृष्ठभागापासून आत आत मायक्रो-विकर्स घेत जा, कोअर कुठे सुरू होतो ते कळतं.

बॉल ६ मिमीचा आणि लोड १०० न्यूटन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शिअरचं शिखर ०.०६ मिमीवरच येतं आणि केसच्या तळाशी पोचेपर्यंत शिअर अडीचशेच्याही खाली उतरतो, मग नायट्रायडिंग खुशाल करा. बॉल घसरत असेल किंवा ट्रॅकमध्ये धूळ जात असेल तर खराबी वरूनच सुरू होते, तिथे हा हिशेब लागू नाही, आधी सील बघा. पण मोठा बॉल, जड लोड आणि स्वच्छ ग्रीस असेल तर माझ्या मते वाकण्याचा त्रास सोसून ईएन३१च घ्यावी.