ओढ्यांच्या वाटेवर बूट की सँडल?

पावसाळ्यात ताम्हिणीजवळच्या अंधारबनच्या जंगलट्रेकला जायचं ठरलंय आणि पायात काय घालावं यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. तिथल्या पिंपरी गावाहून भिऱ्याकडे उतरताना एकामागून एक ओढे आडवे येतात. पाऊस चांगला झाला असेल तर पाणी सहज पोटरीपर्यंत चढतं.

वॉटरप्रूफ बूट पावसात छानच. पण पाणी एकदा घोट्यावरून आत शिरलं, की ज्या अस्तरामुळे ते आत येत नव्हतं त्याच अस्तरामुळे ते बाहेरही पडत नाही. मग पुढे वाटेतल्या हिरडी गावापर्यंत पचक-पचक. बूट काढा, उपडे करा, मोजे पिळा, लेस बांधा, तोवर पुढचा ओढा हजर. दिवसभर भिजून टाचेची कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि उतारावर सोलवटते. माझा कल सँडलकडे झुकला तो या एका कटकटीमुळे. सँडलमध्ये खडा अडकतो, नाही असं नाही. पण पाय पाण्यात हलवला की बहुतेकदा निघून जातो.

सँडल घेताना पट्ट्यांवर वेळ घालवा. नुसत्या वेल्क्रोवर माझा फारसा विश्वास नाही. आकड्यांत चिखल आणि गवत भरलं की तो ऐन प्रवाहात सुटतो. बकल असलेला पट्टा बरा, आणि टाचेमागचा पट्टा वेगळा आवळता यायला हवा. दुकानात पायरीच्या कडेवर बोटं खाली करून उभे राहा. पाय पुढे घसरून बोटं सोलबाहेर डोकावली, तर ती जोडी तिथेच ठेवा. बोटांपुढे रबरी कठडा असलेली मिळाली तर उत्तम, कारण गढूळ पाण्यात दगड दिसत नाही, अंगठ्याला लागल्यावरच कळतो.

चिखलाच्या उतारावर बुटांचे खोल खाचे सरस, हे मान्य. ओल्या काळ्या कातळावर मात्र खाच्यांपेक्षा रबर किती मऊ आहे यावर पकड ठरते. नखाने दाबून किंचित दबणारं रबर मला जास्त धरणारं वाटलंय. हिरव्या शेवाळावर दोन्ही सारखेच घसरतात. तिथे काठी टेकायची नि पाय दगडांच्या फटीत, जपून ठेवायचा.

मोज्यांबद्दल मतं वेगळी असतील. सँडलमध्ये सुती मोजे नकोत. ते पाणी धरून ठेवतात, आत रेती साठते, आणि मग पट्ट्याखाली तीच कातडी घासते. पट्टा घासतच असेल तर पातळ सिंथेटिक मोजे घाला, पण त्यांनी पाय सँडलमध्ये सरकतो, म्हणून पट्टे पुन्हा आवळा. मी ओढ्यांत अनवाणी पायांवरच सँडल घालतो आणि कोरडी मोज्यांची जोडी पिशवीत बांधून मुक्कामासाठी ठेवतो.

पाठीवर जड सॅक असेल किंवा घोटा वरचेवर मुरगळत असेल, तर बूटच घ्या. फक्त वॉटरप्रूफ अस्तराचे नकोत. जाळीदार कापडाचे घ्या, म्हणजे पाणी चालता चालता निथळतं.