कढीपत्ता: खायचा की ताटाच्या कडेला ठेवायचा?

कढीपत्ता खाता येतो. तमालपत्रासारखा तो शिजल्यावरही कडक, टोचरा राहत नाही. पण प्रत्येक ताटातलं पान खाण्याजोगं असतंच असं नाही, आणि ते ठरतं पानातलं पाणी गेलंय की नाही यावर.

आमटी-कढीतलं पान मी खुशाल बाजूला काढते. फोडणीत पडल्याबरोबर त्याचा वास तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सगळ्या कढीत पसरतो. मग रसात उकळत राहिलेलं पान चिवट होतं, मधली शीर दाताखाली येते. पोह्यांतल्या पानाचंही तेच. वाफेवर ते पुन्हा मऊ पडतं. ‘कॅल्शियम असतं, टाकू नकोस’ असं घरोघरी सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम पानांत 830 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलेलं आहे, ते खरंच. पण आमटीतली आठ-दहा पानं भरतात जेमतेम एक ग्रॅम. सगळी चावून खाल्ली तरी आठेक मिलिग्रॅम. अर्धा कप दुधात त्याच्या कितीतरी पट मिळतं. त्यासाठी मुलांच्या मागे लागू नये. अगदी लहान मुलाच्या वाटीतून तर अख्खं पान काढूनच टाकावं, ते टाळूला किंवा घशाला चिकटतं.

चिवड्यातलं पान मात्र खायचंच. तिथे ते तेलात पूर्ण तळलेलं असतं. पानं टाकताच तेल तडतडतं ते आतल्या पाण्यामुळे. तडतड थांबली की पान कुरकुरीत झालं. त्याआधी पोहे घातले तर उरलेल्या ओलाव्याने चिवडा सादळतो.

आणि कढीपत्ता पोटात जावा असं मनापासून वाटत असेल, तर चटणी करा. दोन वाट्या पानं धुऊन, फडक्यावर पसरून सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या. चमचाभर तेलावर मंद आचेवर परता. पान बोटांत चुरून पाहा: वाकलं तर अजून ओल आहे, चुरा झाला तर झालं. हिरवा रंग टिकला पाहिजे. काळं पडलं की चटणी कडू होते. पाव वाटी तीळ, तेवढंच सुकं खोबरं आणि चार-पाच सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजून, गार झाल्यावर मीठ घालून सगळं एकत्र भरड वाटा. गरम असताना वाटलं तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. लसूण घालायचा असेल तर तोही परतून कोरडा करा, नाहीतर चटणी लवकर खराब होते. आंध्र-तमिळनाडूत डाळी घालून अशीच पूड करतात आणि गरम भातावर तुपाबरोबर खातात.

आमटीतच खायचा हट्ट असेल, तर फांदीच्या टोकाची फिकट हिरवी, कोवळी पानं घ्या आणि खोबऱ्याच्या वाटणातच वाटा. जून पानं फोडणीला ठेवा.