खरेदीखताच्या नकलेसाठी 13,000 रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

सांगली जिल्ह्यातली, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरची गोष्ट आहे. पतसंस्थेत बावीस वर्षं कॅशियर होतो, हे आधीच सांगतो. नाहीतर कोणीतरी सुनावणारच, "एवढंही कळलं नाही?" नाही कळलं.

वडिलांनी 1994 ला 38 गुंठे घेतले, त्याचं खरेदीखत 2019 च्या पुरात गेलं. गावभागात पाणी शिरलं तेव्हा आम्ही गादीआधी माणसं वर नेली, कपाट खालीच राहिलं. यंदा विहिरीसाठी कर्ज काढायला गेलो, तर बँक म्हणाली दस्त आणा. ऑनलाइन शोधला, सापडला नाही. आमच्याकडे तिथे 2002 नंतरचेच दस्त दिसतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बाहेरच्या एजंटाने लगेच ओळखलं. "काका, ऑफिसचं रेकॉर्डही पुरात भिजलंय. शोधायला माणूस लावावा लागेल." शोधाचे 2,500 रुपये घेतले.

मग म्हणाला, दस्त हरवलाय म्हणजे पोलिसांचा दाखला आणि पेपरात जाहिरात लागणार, त्याशिवाय नक्कल मिळत नाही. त्याचे 4,500. हे साफ खोटं आहे. जमिनीच्या खरेदीखताची नोंद पुस्तक क्रमांक 1 मध्ये असते आणि त्याची नक्कल फी भरून कोणीही मागू शकतो. तुम्ही मालकाचे कोण, हेसुद्धा विचारत नाहीत. (मृत्युपत्राचं वेगळं, करणारा हयात असेपर्यंत ते असं कुणालाही देत नाहीत.) दाखला आणि जाहिरात मागते ती बँक, कारण मूळ कागद दुसऱ्या कुणाकडे गहाण नाही याची तिला खात्री हवी असते. एजंटाने दोन्ही गोष्टींची खिचडी केली आणि मी ती खाल्ली.

आता जे आठवलं की झोप उडते, ते सांगतो. पैसे भरल्याचा पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर ग्रासचं, म्हणजे सरकारी फी ऑनलाइन भरायच्या साइटचं, चलन दाखवलं. त्यावर पैसे भरणाऱ्याचं नाव कुठल्यातरी बाईचं होतं. मी विचारलंही. "काका, आम्ही सगळ्यांचं एकत्रच भरतो." आणि मी मान हलवली! काउंटरवर दुसऱ्याच्या नावाची स्लिप आली असती, तर मी ती तोंडावर परत फेकली असती. पण शेजारी लोक उभे होते, त्याचा सूर आदबीचा होता, आणि मला पुन्हा पुन्हा हेलपाटे नको होते. घरी बायकोने विचारलं, "पावती कुठाय?" मी तिच्यावरच ओरडलो. त्यानंतर "साहेबांच्या सहीचे" 6,000 नेऊन दिले. रोख.

आठवड्याने आठ पानांची नक्कल मिळाली, गोल शिक्का, सही, सगळं. बँकेच्या वकिलांनी दोन मिनिटांत ती बाजूला ठेवली. नक्कल कोणी केली, मूळ नोंदीशी ताडून रुजवात कोणी घेतली, फी कोणत्या पावतीने भरली, यातलं काहीच त्यावर नव्हतं. त्याहून भयंकर म्हणजे चतुःसीमा. उत्तरेला ज्याचं नाव होतं त्याने ती जमीन 2011 ला घेतली आहे. 1994 च्या दस्तात तो कसा येईल? एजंटाने माझ्याच सातबाऱ्यावरून आणि आजच्या शेजाऱ्यांवरून दस्त बनवला होता. तुमच्या हातात नक्कल पडली तर आधी चतुःसीमा वाचा.

कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "एजंट आमचा माणूस नाही." दिवसभर तो त्यांच्याच दारात बसतो, त्यांच्याच टाचण्या वापरतो! पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. खोटा सरकारी शिक्का मारणं दिवाणी कसं, असं विचारलं तर "काका, रोख दिले त्याचा पुरावा आहे का?" सह जिल्हा निबंधकांकडे लेखी अर्ज दिला. आवक शिक्का मिळाला, तेवढाच. खरा शिक्का म्हणून जपून ठेवलाय.

शेवटी तलाठ्याकडून जुना फेरफार काढला. वडिलांचं नाव ज्या नोंदीने लागलं, त्यातच दस्ताचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली होती. म्हणजे शोधाचे 2,500 ज्यासाठी दिले, ते तिथे पडून होतं. क्रमांक, वर्ष, गट नंबर, देणार-घेणाराची नावं घालून स्वतः अर्ज केला. चलन माझ्या नावाचं, पाचशेच्या आत. रेकॉर्ड भिजलं वगैरे काही नव्हतं. पाचव्या दिवशी नक्कल हातात. उत्तरेला वडिलांच्या वेळचाच शेजारी, वारलेला.

बँकेने आता पोलीस दाखला आणि जाहिरात मागितली आहे. ठाण्यात गेलो तर तोच हवालदार. म्हणाला, "काका, पुन्हा तुम्ही?"