परदेशी पेमेंट बिलांना लावताना: स्विफ्टची कॉपी की रेमिटन्स ॲडव्हाइस?

कुपवाड एमआयडीसीत एक्स्पोर्टचं अकाउंट्स बघणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ बँकेकडून स्विफ्टची कॉपी मागवतो, तिच्यातला `:70:` हा बिलांच्या नंबरांचा रकाना वाचतो आणि बिलं नील करतो. दुसरा कोणत्या बिलापोटी किती पाठवले हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कागदाची, म्हणजे रेमिटन्स ॲडव्हाइसची वाट बघतो. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. ज्यांना आता एक पद्धत बसवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी स्विफ्टची बाजू. तिचा मोठा गुण म्हणजे ती बँकेने बँकेला पाठवलेली असते. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात कुणी काय टाइप केलं याच्याशी रकमेचा संबंध नसतो. तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद पाठवणारे, एका कंटेनरचं एक बिल करणारे आणि बहुतेक पैसे आगाऊ घेणारे जे आहेत, त्यांना खरं तर एवढी कॉपी पुरते. एक बिल, एक रक्कम, विषय संपला.

प्रश्न येतो तो एका पेमेंटमध्ये अनेक बिलं आली की. खालचं उदाहरण आकडे बदलून घेतलंय, पण मशीनिंगचे पार्ट जर्मनीला पाठवणाऱ्या कुणाच्याही टेबलावर असा कागद सापडेल. बिलं तीन: ०४१२ चे ८,२०० डॉलर, ०४२५ चे ६,४५० आणि ०४३१ चे ४,१२०. एकूण येणं १८,७७०. आपल्या बँकेकडची कॉपी अशी:

```
:32A:250218USD18475,00
:33B:USD18500,00
:70:INV 0412 0425 0431
:71A:SHA
:71F:USD25,00
```

दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी असते, हे सरावलेल्यांना माहीतच आहे. घोळ होतो तो `:32A:` आणि `:33B:` यांच्यात. `:33B:` म्हणजे गिऱ्हाइकाने त्याच्या बँकेला जेवढे पाठवायला सांगितले तेवढे. `:32A:` म्हणजे वाटेतली कपात होऊन आपल्या बँकेच्या हातात पडले तेवढे. मधली कपात `:71F:` मध्ये दिसते, आणि `SHA` असल्यामुळे ती आपल्याच माथी. १८,४७५ अधिक २५ बरोबर १८,५००, म्हणजे संदेश आपल्यापुरता जुळला.

फक्त कॉपी कुणाची आहे ते बघा. गिऱ्हाईक कौतुकाने ईमेलवर जी पाठवतं ती त्याच्या बँकेने पाठवलेल्या संदेशाची असते. तिच्यात `:32A:` लाही १८,५०० दिसू शकतात, कारण मधल्या बँकेने अजून हात मारलेला नसतो. आपल्याला हवी ती आपल्या बँकेला मिळालेली कॉपी. आमच्या बँकेचं परदेशी काम सांगलीच्या शाखेत होत नाही, त्यामुळे ती मागून घ्यावी लागते आणि मागे लागावंही लागतं.

आता १८,७७० मधून १८,४७५ वजा करा. २९५ उरतात. त्यातल्या २५ चा हिशोब लागला, पण २७० चं काय? `:70:` मध्ये तीन बिलांचे नंबर आहेत, कोणत्या बिलापोटी किती ते नाही. मुळात त्या रकान्यात जागाच पस्तीस अक्षरांच्या चार ओळींची. आठ-दहा बिलं असली की शेवटचे नंबर गळतात, किंवा गिऱ्हाईक स्वतःचाच एखादा व्हाउचर नंबर टाकून मोकळं होतं.

माझा कल ठरला तो या असल्या २७० मुळे. महिनाअखेर तोंडावर असते, हाताशी फक्त स्विफ्ट असते, आणि अख्खे २९५ फॉरेन बँक चार्जेसला टाकण्याचा मोह होतो. लेजर नील दिसतं, सगळे खूश. पण एका बँकेने तीनशेच्या आसपास डॉलर कापले हे जरा विचार केला तर पटण्यासारखं नसतं. तो आकडा बहुतेक वेळा गिऱ्हाइकाने लावलेली डेबिट नोट असतो. चार्जेसमध्ये गेला की तो क्वालिटीवाल्यांना कधी कळत नाही, क्रेडिट नोट निघत नाही, आणि निर्यातीचे पैसे आले की नाही हे बघणाऱ्या, बँकेकडच्या ईडीपीएमएसमध्ये ते शिपिंग बिल अर्धवट राहतं. पुढे कधीतरी बँकेचं पत्र येतं तेव्हा जुन्या फायली उपसत बसायचं.

रेमिटन्स ॲडव्हाइस उघडली की हेच दोन मिनिटांत सुटतं. तिच्यात बिलवार ओळी असतात: ०४१२ पूर्ण, ०४३१ पूर्ण, ०४२५ पूर्ण, आणि खाली ०४२५ पोटी उणे २७० ची ओळ, शेजारी त्यांचा रिजेक्शनचा नंबर. एकूण १८,५००. हा आकडा `:33B:` शी जुळवायचा, `:32A:` शी नाही आणि बँक स्टेटमेंटच्या रुपयांशी तर मुळीच नाही. ॲडव्हाइस जुळत नाही अशी तक्रार घेऊन जे येतात, ते बहुतेक चुकीच्या आकड्याशी जुळवत असतात. कपात नसेल तर `:33B:` कधी कधी नसतोच. मग `:32A:` घ्या.

नोंद मग अशी: गिऱ्हाइकाच्या खात्याला १८,५०० जमा, बिलवार ८,२००, ६,१८० आणि ४,१२०. नावे बाजूला बँक १८,४७५ आणि फॉरेन बँक चार्जेस २५. आपल्या बँकेचे रुपयांतले चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. ०४२५ वर २७० उघडे राहू द्यायचे. रिजेक्शन मान्य झालं तर क्रेडिट नोट आणि बँकेकडे बिलाची किंमत कमी करायचा अर्ज, नाही तर वसुलीचं पत्र. उघडं दिसतंय म्हणून कुणीतरी विचारतं, हाच त्याचा उपयोग.

ॲडव्हाइसची दुखणीही आहेत. ती पैसे आल्याचा पुरावा नव्हे. पेमेंट निघायच्या आधी येते, पुढे ते पेमेंट थांबूही शकतं. तिच्यावरची तारीख गिऱ्हाइकाच्या पेमेंट रनची असते, आपल्या जमेची नाही, त्यामुळे नोंद तिच्यावरून टाकू नये. आणि ती हमखास मार्केटिंगवाल्याच्या ईमेलला जाते, जो तेव्हा गावाला गेलेला असतो. गिऱ्हाइकाच्या व्हेंडर मास्टरमध्ये अकाउंट्सचा ईमेल घालून घेतला की हे दुखणं बरंच कमी होतं. एक मेल टाकायचं काम आहे, पण बऱ्याच कंपन्यांत ते राहून गेलेलं असतं.

नोव्हेंबर २०२५ पासून बँकांनी आपसांत असे पेमेंट संदेश `pacs.008` या नव्या साच्यात पाठवायचे आहेत. तिथे `:32A:` च्या जागी `IntrBkSttlmAmt`, `:33B:` च्या जागी `InstdAmt` आणि `:70:` च्या जागी `RmtInf` शोधा. बिलवार तपशील नीट मांडायची सोय त्यात आहे, पण पाठवणाऱ्याने तो भरला तर. नुसत्या `Ustrd` मध्ये मजकूर असेल तर जागा तीच, १४० अक्षरं. त्यामुळे तूर्त माझं मत बदललेलं नाही.

तुमचं गिऱ्हाईक एकच असेल, बिलागणिक पैसे पाठवत असेल, तर स्विफ्टवर चालवा, उगाच मेलामेली कशाला. दोन-तीन बिलं एकत्र येत असतील तर मी म्हणेन, रक्कम आणि तारीख स्विफ्टवरून घ्या, पण ॲडव्हाइस हातात आल्याशिवाय एकही बिल नील करू नका. तोवर पेमेंट ऑन अकाउंट पडून राहिलं तरी चालेल.