नव्या गच्चीच्या गळतीबाबत : वॉरंटीनुसार दुरुस्तीची मागणी

प्रति,
कंत्राटदार महोदय,

स.न.वि.वि.

जुळे सोलापुरातील आमच्या घराची गच्ची आपण फेब्रुवारीत कोबा व वॉटरप्रूफिंगसह पूर्ण करून दिली आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचे लेखी पत्रही दिले. ढाळ उत्तम आहे आणि पाणी कुठेही न साचता पावसाळी पाइपाकडे जाते, हे मी आजही मान्य करतो. मात्र सप्टेंबरच्या पावसात मागच्या खोलीच्या छताला, नेमकी बाहेरच्या भिंतीलगत, ओलीची पट्टी उमटली आणि पाऊस उघडून आठवडा लोटला तरी ती सुकलेली नाही.

आपल्या मुकादमांनी उन्हामुळे कोब्याला बारीक भेगा पडल्याचे सांगून वरून पांढरा लेप मारण्याचा व त्याचा निम्मा खर्च मी देण्याचा तोडगा सुचवला. भेगांचे कारण मलाही सुरुवातीला पटले होते. निम्म्या खर्चाचे मात्र पटले नाही, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी खात्री करून घेतली. कठड्यापासून दोन फूट आत सिमेंटचा छोटा बांध घालून, पाइपाचे तोंड बंद करून, गच्चीच्या मधल्या भागात दोन इंच पाणी दोन दिवस ठेवले. खाली ओल वाढली नाही. नंतर बांध आणि कठडा यांच्यामधल्या पट्ट्यात पाणी भरले, तेव्हा संध्याकाळपर्यंत छताला थेंब लोंबू लागले. म्हणजे कोबा निर्दोष आहे. दोष कोबा आणि कठडा जिथे मिळतात त्या सांध्यात आहे.

तिथे गोलाकार वाटा केलेलाच नाही. कोबा सरळ भिंतीला टेकवून वर गिलावा ओढला आहे आणि वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर चढवलेला नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांच्या वर जातो, कोबा दिवसा प्रसरण पावतो व रात्री आकसतो, त्यामुळे असा ताठ सांधा सुटणारच. ऊन हे सांधा नीट करण्याचे कारण आहे, वॉरंटी टाळण्याचे नव्हे. (वडिलांच्या माळवदालाही तेच ऊन होते, असे आमच्या मातोश्रींचे म्हणणे आहे, ते मी केवळ नोंदवून ठेवतो.)

ओल्या कोब्यावर लेप मारल्यास आत अडकलेल्या वाफेने तो फुगून सुटतो, म्हणून तो तोडगा मला मान्य नाही. सांध्याचा गिलावा काढून खाच पाडावी, ती पूर्ण वाळू द्यावी, पॉलिमरयुक्त मसाल्याने भरून साधारण तीन इंचांचा वाटा करावा आणि लवचीक वॉटरप्रूफिंगचा थर जाळीसह कठड्यावर किमान एक फूट चढवावा. त्यानंतर माझ्यासमोर कठड्यापर्यंत पाणी भरून 48 तासांची चाचणी घ्यावी. आतील छताचा रंगही याच कामात धरावा.

हे काम वॉरंटीखाली विनामूल्य आहे, असे मी समजतो. पंधरा दिवसांत काम सुरू करण्याची तारीख लेखी कळवावी. अन्यथा हे पत्र, वॉरंटीची प्रत व चाचणीची छायाचित्रे जोडून मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.

आपला,
घरमालक