अभ्यासाचे वेळापत्रक: वही बरी की मोबाइलमधले ॲप?

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करताना मी आठ महिने ॲप वापरले आणि नंतर वहीकडे वळलो. त्यामुळे पुढील मजकूर अगदी तटस्थ आहे असा माझा दावा नाही. आठवण करून देणे, शोध घेणे, सगळीकडे सोबत असणे या बाबतींत ॲप सरस आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता की दोहोंपैकी कोणते साधन मी तिसऱ्या आठवड्यातही उघडेन.

ॲपने मला कंटाळा आणला तो एका सोयीमुळे. राहिलेले काम बोटाच्या एका स्पर्शाने उद्यावर ढकलता येत असे. ‘पंचायत राज वाचणे’ ही नोंद मी सोमवारी केली, मंगळवारी ढकलली, बुधवारीही ढकलली, आणि ढकलण्याला काहीच कष्ट पडत नसल्यामुळे ती अकरा दिवस तशीच पुढे सरकत राहिली. दरम्यान तिच्यामागे इतर राहिलेली कामे जमली आणि एका सकाळी ॲप उघडले तेव्हा लाल अक्षरांतल्या सव्वीस नोंदी समोर आल्या. त्यांतले नेमके काय आज करायचे, हे ठरवण्याऐवजी मी ॲप बंद केले. पुढचे चार दिवस ते उघडलेच नाही, आणि माझ्या मते वेळापत्रक मोडले ते याच चार दिवसांत; कामे राहिली तेव्हा नव्हे.

वहीत ढकलणे म्हणजे पुन्हा लिहिणे. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबतो आणि नोंदीतच काही चुकले आहे का, असा विचार आपोआप मनात येतो. ‘पंचायत राज’च्या बाबतीत चूक उघड होती: ते दीड तासाच्या बैठकीत संपणारे काम नव्हतेच. मग मी त्याचे तुकडे केले. पहिल्या दिवशी 1992 ची 73वी घटनादुरुस्ती आणि ग्रामसभा, दुसऱ्या दिवशी अकराव्या अनुसूचीतले 29 विषय, तिसऱ्या दिवशी आधीच्या वर्षांचे प्रश्न. दोन दिवसांचे काम वेळेत झाले, तिसरे एक दिवस लांबले. ॲपमध्येही असे तुकडे करता येतात, हे मान्य. परंतु ते करायला मला कोणी भाग पाडत नव्हते.

वहीची खरी अडचण उजळणीची आहे. एखादे प्रकरण 3 जूनला वाचले आणि एक, सात व एकवीस दिवसांनी पाहायचे ठरवले, तर 4, 10 आणि 24 जूनच्या पानांवर आधीच नोंदी कराव्या लागतात. वाचन दोन दिवस लांबले की तिन्ही ठिकाणी खाडाखोड होते. आठवड्याला पाच प्रकरणे धरली तर पुढे पंधरा नोंदी पसरतात आणि त्या सांभाळणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. काही ॲपमध्ये काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून पुढची तारीख मोजण्याची सोय असते; तिथे हा घोळ होत नाही. मी यावर काढलेला उपाय ओबडधोबड आहे: वहीच्या शेवटच्या पानांवर प्रकरणांची यादी, तिच्यापुढे तीन रकाने, आणि उजळणी झाली की त्या रकान्यात तारीख. रोज रात्री ते पान एकदा पाहिले की काय पाहायचे राहिले आहे ते रिकाम्या चौकोनांवरून कळते. उजळणी एखादा दिवस मागेपुढे होते, त्याने माझे तरी फारसे बिघडले नाही.

वही घ्यायची झाल्यास छापील तारखांची डायरी मात्र टाळावी, असे सुचवेन. आजारपणात किंवा गावाकडच्या लग्नात आठवडा गेला की तिच्यात सात कोरी पाने राहतात आणि ती ॲपमधल्या लाल अक्षरांइतकीच बोचतात. साध्या आखीव रजिस्टरमध्ये तारीख आपण लिहितो; खंड पडला तरी पुढचे पान लगेच सुरू होते. शिवाय अभ्यासिकेत वही टेबलावर उघडी राहू शकते. ॲप पाहण्यासाठी मोबाइल हातात घेतला की मित्रांच्या गटातले संदेश आधी दिसतात, आणि माझी दहा मिनिटे तिथेच जात.

ज्यांची पाळीची नोकरी आहे, दर आठवड्याला अभ्यासाचे तास बदलतात किंवा लोकलमध्ये उभ्यानेच दिवस आखावा लागतो, त्यांना कदाचित ॲपच सोयीचे पडेल. ठरत नसेल तर दोन्ही साधने प्रत्येकी दोन आठवडे वापरून पाहावीत, मात्र किती खुणा झाल्या ते मोजू नये. ज्या दिवशी ठरवलेले काहीच झाले नाही, त्या रात्री कोणते साधन उघडले होते, एवढेच आठवावे. माझ्या बाबतीत ते रजिस्टर होते, आणि त्या पानावर एकच ओळ आहे: ‘आज काही नाही, उद्या सीसॅटचा एक उतारा.’